लोनवर व्याज जास्त लागलंय? बँकेला द्यायच्या पत्रात रक्कम आणि तारीख टाक

अरे भाऊ, "व्याज जास्त लावलंय, कृपया बघावे" एवढंच लिहिलंस तर ब्रांचवाले नुसतं बघतीलच. आधी सँक्शन लेटर काढ. माझ्या लोनमध्ये व्याज आरबीआयचा रेपो रेट अधिक २.६५ टक्के होतं, जून २०२५ मध्ये रेपो ६ वरून ५.५० झाला, तीन महिन्यांत रीसेट व्हायलाच हवा होता म्हणजे सप्टेंबरपासून ८.१५, पण स्टेटमेंटमध्ये ८.६५ च चालू. ईएमआय तोच असल्यामुळे कळलंच नाही, मुद्दल कमी फिटत होतं बस. ३० लाख बाकीवर अर्धा टक्का म्हणजे महिन्याला साधारण १,२५०, नोव्हेंबरपर्यंत ३,७५०. हे पत्रात महिन्यावार लिही.

आणि मागणी नीट कर हां, नुसता "रेट सुधारा" म्हणालास तर पुढचाच रेट सुधारतात (बोरिवलीच्या ब्रांचमध्ये माझं तेच झालं, पुन्हा पत्र द्यावं लागलं). लिही की चुकीचा रेट लागला त्या तारखेपासून व्याज परत मोजा, जादा रक्कम मुद्दलात जमा करा आणि सुधारित शेड्यूल द्या. कॉपीवर तारखेसकट शिक्का घे, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर cms.rbi.org.in वर ओंबड्समनकडे तक्रार टाकताना तीच कॉपी जोडायची.