पुडी तेवढीच होती, माल तेवढाच नव्हता

‘माझा भाऊ आठ वर्षं ब्राऊन शुगर घेतोय. परवा नेहमीची एकच पुडी घेतली आणि ओठ निळे पडून कोसळला. थोडक्यात वाचला. माल त्याच माणसाकडचा होता म्हणतो. मग असं कसं झालं?’

तुमचा भाऊ खरं सांगत असणार. मी मुंबईत नशा करणाऱ्या मुलांसाठीच्या एका केंद्रावर बरीच वर्षं नर्स होते. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बहुतेक हेच असायचं, ‘सिस्टर, रोजचीच तर घेतली होती.’

ब्राऊन शुगर म्हणजे भेसळीचं हेरॉइनच. पुडीवर किंमत ठरलेली असते, आत किती हेरॉइन आहे ते ठरलेलं नसतं. माल हातोहात खाली येतो आणि ज्याच्या हातात येतो तो त्यात काहीतरी मिसळतो. पॅरासिटामॉल असतं, कॅफिन असतं, कधी झोपेच्या गोळ्यांची पूड असते. माल कमी पडला की भेसळ वाढते. उलट मोठा साठा आला, किंवा मधला एखादा पकडला गेल्यामुळे मिसळणारा एक हात कमी झाला, की तोच विकणारा त्याच भावात कितीतरी कडक माल देतो. बऱ्याचदा त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं.

समजा पुडीत 100 मिलिग्रॅम पावडर आहे. गेल्या महिन्यात त्यात 10 टक्के हेरॉइन होतं, म्हणजे 10 मिलिग्रॅम. या खेपेला 30 टक्के आहे. भावाने एक पुडी घेतली, पण अंगात तीन गेल्या. रंग किंवा कडूपणा बघून हे कळत नाही, कारण मिसळलेल्या वस्तूंनाही रंग आणि चव असते.

शिवाय हे मिश्रण पिशवीत हलवून नाहीतर चमच्याने ढवळून केलेलं असतं. डब्यातला चिवडा वाढताना एका वाटीत शेंगदाणेच येतात आणि दुसरीत नुसते पोहे, तसंच इथे होतं. म्हणून ‘मित्राने त्याच पिशवीतली घेतली, त्याला काही झालं नाही’ यावर विसंबू नका. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताला 2016 मध्ये सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली, तेव्हा रस्त्यावरच्या मालात फेंटानिल शिरलं होतं. ते हेरॉइनच्या सुमारे 50 पट तीव्र. तिथे पुडीत दोन-चार कण इकडचे तिकडे झाले तरी माणूस जातो.

आता भावाच्या शरीराचं. हेरॉइन मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या भागाला मंद करतं. रोज घेणाऱ्याला त्याची सवय होते, पण नशेची जितकी होते तितकी श्वासाची होत नाही. त्यामुळे जुन्या माणसाचीही ‘बरं वाटणं’ आणि ‘श्वास थांबणं’ यांच्यातली जागा अरुंदच असते. त्यात खंड पडला की सवय काही दिवसांतच उतरू लागते. आमच्याकडचा एक मुलगा गावी तीन आठवडे राहून परतला, त्याच संध्याकाळी जुन्या मापाने सुई घेतली. मी पोचले तेव्हा तो भिंतीला टेकून घोरत होता आणि बाजूचे म्हणत होते, ‘झोपलाय, झोपू द्या.’ मी मिनिटभर घड्याळ धरलं. पाच श्वास. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ती झोप नव्हती. भाऊ मध्ये आजारी होता का, कुठे दाखल होता का, त्या दिवशी दारू किंवा झोपेची गोळी घेतली होती का, हे त्याला न रागावता विचारा. दारू आणि त्या गोळ्याही श्वासच दाबतात.

तो पन्नीवर ओढतो की सुई घेतो, तेही विचारा. ओढणाऱ्याला कडक माल दोन झुरक्यांत जाणवू शकतो आणि थांबता येतं. तरी धोका टळतो असं नाही. सुईने सगळं एकदम रक्तात जातं, थांबायला जागाच उरत नाही. आणि तो एकटा असला तर ते घोरणं ऐकायला कोणी नसतं.

पुन्हा असं झालं तर आधी मोठ्याने हाक मारा, छातीच्या हाडावर मुठीने जोरात चोळा. उठला नाही तर 108 ला फोन करा आणि ‘श्वास चालत नाही’ हे शब्द वापरा. मान मागे करून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, दर पाच सेकंदांना एक. श्वास आपला आपण चालू असेल तर कुशीवर वळवा. दूध पाजणं, मिठाच्या पाण्याची सुई देणं, असलं काही कोणालाही करू देऊ नका. नॅलॉक्सोन हे हेरॉइनचा असर उलटवणारं औषध आहे, ते घरी ठेवता येईल का हे व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांना विचारून घ्या. झोपेच्या गोळ्यांवर मात्र ते चालत नाही. दिल्यावर तो उठून बसला, चिडला, ‘मी बरा आहे’ म्हणाला, तरी सोडू नका. नॅलॉक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, आणि हेरॉइन अजून रक्तात असेल तर श्वास पुन्हा मंदावतो.