सोयाबीन खरेदीचा एक आक्षेप, पाच अंगांनी लिहिलेला

प्रश्न: शेतकरी उत्पादक कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षणाचं काम नुकतंच सुरू केलंय. साहेब म्हणतात आक्षेपात कंडिशन, क्रायटेरिया, कॉज, इफेक्ट, रेकमेंडेशन सगळं आलं पाहिजे. पुस्तकातल्या व्याख्या कळतात, पण लिहायला बसलं की गाडी अडते. एखादा आक्षेप पूर्ण लिहून दाखवाल का?

उत्तर:

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊ. लातूर जिल्ह्यातली एक उत्पादक कंपनी सभासदांकडून सोयाबीन घेते. कंपनी आणि आकडे रचलेले आहेत, पण अशी खरेदी सगळीकडे साधारण याच पद्धतीने चालते. पहिला मसुदा बहुतेक वेळा असा येतो:

«ओलावा तपासणीत गंभीर निष्काळजीपणा आढळला. त्यामुळे कंपनीचे मोठे नुकसान झाले आहे. यापुढे योग्य ती काळजी घ्यावी.»

यावर व्यवस्थापक «नोंद घेतली» एवढं लिहून मोकळा होतो आणि पुढच्या हंगामात तेच घडतं. या तीन वाक्यांत तपासता येईल असं काहीच नाही.

स्थिती म्हणजे कागदावर जे दिसलं तेवढंच. त्यात विशेषण नको, हेतूचा आरोप तर नकोच. किती पावत्यांतून किती काढल्या आणि कशा काढल्या, हे मात्र हवं:

«ऑक्टोबर व नोव्हेंबरमधील ६४० खरेदी पावत्यांपैकी ६० यादृच्छिक पद्धतीने निवडून तपासल्या. त्यातील १९ पावत्यांना (२२८ क्विंटल) मॉइश्चर मीटरची चिठ्ठी जोडलेली नाही. या १९ही पावत्यांवर ओलावा १२.० टक्के नोंदवला आहे. चिठ्ठी असलेल्या ४१ पावत्यांचा सरासरी ओलावा १३.६ टक्के असून १२ टक्के किंवा कमी ओलावा फक्त ५ पावत्यांत आहे.»

शेवटचं वाक्य या आक्षेपाचा जीव आहे. मोजलेला माल १३.६ वर आणि न मोजलेला दर वेळी बरोबर १२.० वर. «न मोजता लिहिलं» असं म्हणायची गरजच उरत नाही, वाचणाऱ्याच्या ते आपोआप लक्षात येतं.

निकषात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो दुसऱ्याचा नियम उचलण्याने. हमीभावाच्या सरकारी खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते, म्हणून तीच निकष म्हणून टाकली जाते. पण कंपनी स्वतःच्या पैशाने खुली खरेदी करत असेल तर ती मर्यादा तिला लागू नाही. शिवाय तीही कायम नसते. २०२४ च्या खरिपात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. त्यामुळे निकष कंपनीच्याच खरेदी धोरणातून घ्या. कलम लिहा आणि ते खरेदीच्या तारखेला लागू होतं का, हे ठरावाच्या तारखेवरून पाहून घ्या:

«संचालक मंडळाने मंजूर केलेल्या खरेदी धोरणाच्या कलम ७ नुसार प्रत्येक गाडीतील तीन नमुन्यांची सरासरी घेऊन मीटरची चिठ्ठी पावतीस जोडावी. १२ टक्क्यांवरील प्रत्येक टक्क्यास क्विंटलमागे १ किलो कपात करावी. १५ टक्क्यांवरील माल घेऊ नये.»

आता कारण. इथे घाई केली की पुढची शिफारस वाया जाते. «कर्मचाऱ्यांचे दुर्लक्ष» हे कारण नव्हे, ती स्थितीच वेगळ्या शब्दांत सांगितलेली असते. त्याच १९ पावत्या घ्या आणि वेळेप्रमाणे लावून पाहा. आपल्या उदाहरणात ६० पैकी ३८ पावत्या संध्याकाळी सहाच्या आधीच्या आहेत आणि त्यात बिनचिठ्ठीच्या दोनच. सहानंतरच्या २२ आहेत, त्यात बिनचिठ्ठीच्या १७. म्हणजे प्रश्न माणसाच्या वृत्तीपेक्षा वेळेचा आहे. मग हजेरी बघायची: ग्रेडर सहाला घरी जातो. गाड्या मात्र आठपर्यंत येतात, कारण दिवसभर मळणी करून माल संध्याकाळीच भरला जातो. सहानंतर काटेवालाच पावती काढतो आणि मीटर ग्रेडरच्या कपाटात बंद असतं. आता त्याच्याशेजारी बसून एक पावती काढून घ्या. स्क्रीनवर ओलाव्याच्या रकान्यात १२.० आधीच भरलेलं येतं आणि चिठ्ठी क्रमांक रिकामा सोडला तरी पावती सेव्ह होते. १९ही ठिकाणी नेमकं १२.० का, हे इथे उलगडतं.

«सायंकाळी ६ नंतर ओलावा मोजण्याची जबाबदारी कोणाकडेही दिलेली नाही व मीटर उपलब्ध नसते. पावती प्रणालीत ओलावा १२.० आधीच भरलेला असतो आणि चिठ्ठी क्रमांकाशिवाय पावती निघते.»

कारण खरं आहे का, हे पाहायला एकच प्रश्न पुरतो: एवढं दुरुस्त केलं तर त्या १९ पावत्या अशा निघाल्या असत्या का? इथे १७ चं उत्तर पटतं. दुपारच्या दोन पावत्यांना सहानंतरचं कारण लागू होत नाही, तर ते तसं लिहून ठेवा. ओढूनताणून बसवू नका.

परिणामाचा हिशोब गृहीतक दाखवून करा. न मोजलेल्या मालाचा ओलावाही १३.६ धरला, तर क्विंटलमागे १.६ किलो कपात राहिली. २२८ क्विंटलला ३६४.८ किलो झाले. ४,३०० रुपये दराने ते सुमारे १५,७०० रुपये. नमुना यादृच्छिक असल्याने ६४० पावत्यांवर हा अंदाज सुमारे १ लाख ६७ हजारांपर्यंत जातो, पण तो «अंदाज» म्हणून वेगळ्या वाक्यात लिहा. सापडलेल्या रकमेत मिसळला तर पहिल्याच बैठकीत तुमचा आकडा उडवला जाईल. नमुना हाताने निवडलेला असेल तर असा अंदाज काढूच नये.

एक बारकावा: माल १३.६ वरून १२ वर वाळला तर खरी घट क्विंटलमागे १.८२ किलो येते (१०० वजा १०० × ८६.४ ÷ ८८), १.६ नाही. म्हणजे धोरणातली कपातच थोडी कमी पडते. तो वेगळा मुद्दा आहे, या आक्षेपात आणू नका. इथली रक्कम निकषाप्रमाणेच काढायची.

पैशाशिवायचा परिणामही असतो, आणि मला तो जास्त जड वाटतो:

«दुपारी माल आणणाऱ्या सभासदांची कपात होते, सायंकाळी आणणाऱ्यांची होत नाही. तसेच १५ टक्क्यांवरील माल थप्पीत गेला किंवा कसे, हे आता सांगता येत नाही.»

शिफारस कारणाला भिडली पाहिजे, स्थितीला नव्हे. «सर्व पावत्यांना चिठ्ठी जोडावी» हे तर कलम ७ मध्ये आधीच आहे.

«प्रणालीतील आधीच भरलेला १२.० काढावा आणि चिठ्ठी क्रमांकाशिवाय पावती निघू नये अशी व्यवस्था करावी. हंगामात खरेदी बंद होईपर्यंत मोजणीसाठी दुसरी प्रशिक्षित व्यक्ती नेमावी व मीटर तिच्या ताब्यात द्यावे. जबाबदारी: खरेदी व्यवस्थापक. मुदत: पुढील हंगामाची खरेदी सुरू होण्यापूर्वी.»

«संबंधितांकडून वसुली करावी» हे वाक्य सवयीने टाकू नका. माल एकत्र झालाय, कोणाचा ओलावा किती होता याचा पुरावा नाही, मग वसूल काय आणि कोणाकडून करणार? एकाच दोन-तीन नावांच्या पावत्या पुन्हा पुन्हा बिनचिठ्ठीच्या दिसल्या तर गोष्ट निराळी. तो तपास स्वतंत्रपणे करा.

अंतिम करण्याआधी स्थिती आणि कारण एवढंच अर्धसमासावर, म्हणजे अर्धी बाजू उत्तरासाठी कोरी ठेवलेल्या कागदावर, व्यवस्थापकाला द्या आणि लेखी उत्तर मागा. «त्या आठवड्यात मीटर नादुरुस्त होतं» असं आलं तर दुरुस्तीचं व्हाउचर मागा आणि त्याच दिवशीच्या दुपारच्या पावत्यांना चिठ्ठ्या आहेत का, ते बघा.