नर्सरीत रोपांचे दर कसे ठरवावेत?

प्रश्न: छोटी नर्सरी आहे. रोपाचा दर उंचीवर लावू की मरतुकीवर? सोसायटीवाले शंभर रोपांवर मोठी सूट मागतात, किती द्यावी?

आधी मरतूक धरा, मग उंची. तगरीच्या 100 पिशव्या प्रत्येकी 25 रुपयांत भरल्या आणि 4 गेल्या, तर उरलेली जेमतेम 26 ला पडतात. सोनचाफ्याचं कलम मातीमजुरीसह 90 ला पडलं आणि शंभरात 20 गेली, तर जगलेलं 112 च्या वर जातं. नफा या आकड्यावर चढवायचा, 90 वर नाही. मोठ्या कुंडीत हलवलं की महिनाभर विकू नका. नवी पालवी दिसली की वरचा दर लावा.

सोसायटीला सूट द्या, पण गाडीची एकच खेप आणि वाचलेला वेळ यातूनच. मी साधारण 10 टक्के सोडतो, वर पाच रोपं जादा देतो. बदली फक्त पावसाळ्यात लावलेल्यांची, तीही मेलेलं रोप मुळांसकट दाखवलं तर. एकदा ‘तुमची रोपं खराब’ म्हणून बोलावलं होतं. उपटून पाहिलं तर माळ्याने काळ्या पिशवीसकटच पुरलेली!