मुदत चुकली, म्हणून दिलेले सगळेच पैसे जप्त?

वकीलसाहेब, खानापूर तालुक्यात रस्त्याला लागून असलेली एक एकर शेतजमीन ४८ लाखांना घ्यायचं ठरलं होतं. मालकांच्या तीन एकरांतला तो एक तुकडा. जून २०२४ मध्ये नोटरीसमोर कन्नडमध्ये करार झाला. त्या दिवशी इसार म्हणून २ लाख दिले. ऑगस्टमध्ये आणखी १० लाख दिले, ते कराराच्या पाठीमागे लिहून दोघांनी सह्या केल्या. बाकीचे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत देऊन खरेदीपत्र करायचं होतं. बँकेनं कर्ज नाकारलं, म्हणून मला जमत नाही असं मी फोनवर कळवलं. मे २०२५ मध्ये मालकांनी तीच जमीन दुसऱ्याला विकली, लोक म्हणतात ५२ लाखांना. पैसे मागितले तर करार दाखवतात : ‘मुदतीत खरेदी न केल्यास दिलेली सर्व रक्कम जप्त.’ माझे १२ लाख गेले का?
– एक वाचक, खानापूर तालुका

सगळे गेले असं मी म्हणणार नाही, पण सगळे परत मिळतील असंही आज सांगता येत नाही. १० लाखांवर तुमचा दावा चांगला आहे, २ लाखांवर तो कच्चा आहे. असं का, ते समजून घ्या, कारण पुढे मालकांशी तडजोडीला बसाल तेव्हा हाच हिशेब तुमच्या हातात असेल.

आधी कटू गोष्ट. कर्ज मिळालं नाही हे तुमच्यासाठी खरं कारण असेल, कायद्यासाठी नाही. ‘कर्ज मंजूर न झाल्यास करार रद्द आणि रक्कम परत’ अशी ओळ करारात असती तर गोष्ट वेगळी. ती नसेल, तर पैसा उभा करणं ही तुमची जबाबदारी होती आणि करार तुमच्याकडून मोडला, असंच कोर्ट धरून चालेल. बिगरशेती न झालेल्या जमिनीच्या खरेदीला बँका सहसा हात लावत नाहीत, हे बाँड रायटरलाही माहीत असतं. तरी ती ओळ लिहिली जात नाही, कारण ती कुणी मागतच नाही.

आता पैशाकडे वळू. इसार आणि किमतीपोटी दिलेली रक्कम या कायद्याच्या नजरेत दोन निराळ्या गोष्टी आहेत. इसार करार पक्का होतानाच दिला जातो. मी शब्द पाळीन याची ती हमी असते. व्यवहार पुरा झाला तर तो किमतीत वळता होतो, खरेदीदारानं मोडला तर मालक ठेवून घेतो. किमतीपोटी नंतर दिलेले पैसे मात्र हमी नसतात, ते जमिनीचे पैसे असतात. जमीन मिळाली नाही तर ते मालकाकडे कशासाठी राहावेत, हे मालकानं सांगावं लागतं.

तुमच्या प्रकरणाशी सगळ्यात जवळचा निकाल जुना आहे : फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास, सर्वोच्च न्यायालय, १९६३. तिथे व्यवहार १,१२,५०० रुपयांचा होता. कराराच्या दिवशी १,००० रुपये इसार दिला, काही दिवसांनी आणखी २४,००० दिले. खरेदीदारानं मोडल्यास पूर्ण २५,००० जप्त, अशी अट होती. कोर्टानं १,००० ची जप्ती मान्य केली, २४,००० ची नाही. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. त्या मर्यादेच्या आत कोर्ट ‘वाजवी भरपाई’ ठरवतं. कागदावर ‘सर्व रक्कम जप्त’ आहे म्हणून सर्व रक्कम आपोआप मालकाची होत नाही. तुमचे २ आणि १० लाख त्या १,००० आणि २४,००० सारखेच बसतात. ऑगस्टचा शेरा म्हणूनच नीट वाचून घ्या, किंवा कन्नड चांगलं येणाऱ्याकडून वाचवून घ्या. तिथे ‘किमतीपोटी मिळाले’ असं लिहिलं असेल तर उत्तम. ‘जादा संचकार मिळाला’, म्हणजे जादा इसार मिळाला, असं असेल, तर मालकांचे वकील तेवढंच धरून बसतील.

उरले २ लाख. किमतीच्या चार टक्क्यांच्या आसपासचा इसार कुठलंही कोर्ट अवास्तव म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये मौला बक्ष प्रकरणात सांगितलं की वाजवी इसाराची जप्ती हा दंड नव्हे. २०१२ च्या सतीश बत्रा निकालात ७० लाखांच्या व्यवहारातले ७ लाख मालकाकडेच राहू दिले. पण २०१५ च्या कैलासनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालानं तुमच्यासाठी एक फट उघडली आहे. प्राधिकरणानं लिलावातल्या भूखंडाचे ७८ लाख रुपये जप्त केले होते आणि नंतर तोच भूखंड ११ कोटी ७८ लाखांना विकला. जुनी बोली होती ३ कोटी १२ लाखांची. कोर्ट म्हणालं, तोटाच झाला नाही तर भरपाई कसली? तोटा किती झाला हे मोजणं अवघड असेल तर कोर्ट अंदाज बांधेल, पण तोटा मुळात व्हायला हवा. त्या प्रकरणात करार मोडण्याचा दोषही खरेदीदाराचा नव्हता, एवढा फरक मात्र मालकांचे वकील दाखवतील, आणि तो खरा आहे.

तुमचे मालक ५२ लाखांना विकून बसले असतील, तर त्यांना तोटा नाही, उलट ४ लाखांचा फायदा आहे. त्यातून पाच महिन्यांची वाट, पुन्हा गिऱ्हाईक शोधणं, एजंटची दलाली एवढंच वजा होईल. ते लाख-दीड लाखाच्या घरात धरलं, तरी २ लाखांच्या इसारात भागतं. १० लाख ठेवून घ्यायला त्यांच्याकडे काय उरतं?

अडचण ‘लोक म्हणतात’ यात आहे. सबरजिस्ट्रार कार्यालयातून किंवा कावेरी संकेतस्थळावरून त्या जमिनीची ईसी, म्हणजे तिच्यावरच्या नोंदणीकृत व्यवहारांचा दाखला, काढा आणि मे २०२५ च्या खरेदीपत्राची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. आपल्याकडे खरेदीपत्रात पुष्कळदा सरकारी मार्गसूची दराच्या जवळपासचीच रक्कम लिहितात. समजा, तिथे ३८ लाख निघाले. मग मालक कोर्टात सांगतील, ‘४८ ची जमीन ३८ ला द्यावी लागली, मला १० लाखांचा फटका बसला’, आणि कागद त्यांच्या बाजूनं बोलेल. अशा वेळी नवीन खरेदीदाराला साक्षीला बोलवावं लागतं आणि दोघांच्या बँक खात्यांचे उतारे कोर्टामार्फत मागवावे लागतात. नोंदणीकृत कागदाविरुद्ध खरी किंमत सिद्ध करणं सोपं काम नाही. म्हणून ती नक्कल हातात येईपर्यंत नोटिशीत ५२ चा आकडा घालू नका.

तुम्ही एकच बाजू ऐकून जाऊ नये म्हणून २०२५ चा एक निकाल सांगतो. के. आर. सुरेश विरुद्ध आर. पूर्णिमा, प्रकरण बेंगळूरचं. व्यवहार ५५ लाख ५० हजारांचा, आगाऊ रक्कम २० लाख. सर्वोच्च न्यायालयानं त्या २० लाखांची जप्ती कायम ठेवली, म्हणजे किमतीच्या छत्तीस टक्के. नाव ‘आगाऊ’ असलं तरी रकमेचं काम इसाराचं होतं, आणि मोडल्यास शिक्षा दोन्ही बाजूंना होती, हे कोर्टानं पाहिलं. तुमच्या करारात ‘मालकानं मोडल्यास दुप्पट परत’ अशी ओळ आहे का? नसेल तर अट एकतर्फी आहे, हा मुद्दा तुम्हाला मांडता येईल. त्या खरेदीदारानं आणखी एका गोष्टीत मार खाल्ला : त्यानं खरेदीपत्र करून मिळावं असा दावा केला, पण ते न मिळाल्यास रक्कम परत द्यावी अशी मागणीच केली नाही. विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ती मागणी स्पष्ट लिहावी लागते. मागितलं नाही तर कोर्ट आपणहून देत नाही. तुम्हाला जमीन नकोच आहे, तेव्हा तुमचा दावा सरळ पैसे परत मिळण्याचा असेल. त्यात १२ लाख मागा, आणि ते न मानल्यास निदान १० लाख व्याजासह, असं पर्यायी कलमही घाला.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सगळं उलटवू शकते. तीन एकरांतला एक एकर विकायचा, तर कर्नाटकात आधी भूमापन खात्याकडून ११-ई, म्हणजे विकायच्या तुकड्याचा मोजणी नकाशा, काढावा लागतो. तो नसेल तर सबरजिस्ट्रार खरेदीपत्र घेत नाही. मालकांनी ३१ डिसेंबर २०२४ पूर्वी तो काढला होता का? नवीन खरेदीपत्राला जोडलेल्या ११-ई ची तारीख पाहा. ती २०२५ ची असेल, तर तुम्ही ३६ लाख घेऊन गेला असता तरी त्या दिवशी खरेदी झालीच नसती. मग ‘मुदत तुम्ही चुकवली’ हे वाक्य त्यांना तितक्या जोरात म्हणता येणार नाही. मात्र तुम्ही स्वतःच फोनवर माघार कळवली आहे, म्हणून याच मुद्द्यावर सगळा भार टाकू नका. त्यांनी लेखी नोटीस देऊन करार रद्द केला होता का, तेही बघा. जमिनीच्या व्यवहारात लिहिलेली मुदत काटेकोर आहे असं कोर्ट सहसा आपणहून धरत नाही.

कराराचा बाँड किती रुपयांचा आहे, तेही तपासा. मुद्रांक कमी असेल तर कोर्ट तो कागद अडवून ठेवतं आणि तूट व तिच्या दहापट दंड भरल्यावरच पुराव्यात घेतं. १० लाख बँकेतून दिले असतील, तर पासबुकाची नोंद जोडा. रोख दिले असतील, तर पाठीमागचा सहीचा शेरा हाच तुमचा आधार आहे, म्हणून मूळ करार कुणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.

दावा लावायची मुदत तीन वर्षांची आहे. सावध हिशेब ३१ डिसेंबर २०२४ पासून करा, जमीन विकल्याच्या तारखेपासून नव्हे. ‘बघू, देऊ’ असं तोंडी सांगत मालक दिवस काढतील, त्यानं मुदत वाढत नाही. त्यांनी थकबाकी मान्य करून सहीनिशी लिहून दिलं, तरच ती नव्यानं सुरू होते, आणि तेही मूळ मुदत संपायच्या आत.

पहिली नोटीस वकिलामार्फत पोच-पावतीसह टपालानं पाठवा आणि मालकांना झालेला तोटा कागदांसह कळवायला सांगा. ते उत्तर देणार नाहीत, किंवा नुसतं कराराचं कलम पुन्हा लिहून पाठवतील. दोन्ही तुमच्या उपयोगाचं आहे. दावा बेळगाव-खानापूरच्या कोर्टात वर्षानुवर्षे चालतो आणि अपील धारवाडच्या खंडपीठापर्यंत जाऊ शकतं, हे लक्षात घेऊन दोन लाख सोडून दहा लाख घ्यायची तयारी ठेवा. मालक नऊ साडेनऊवर आले, तर मी तुम्हाला घ्या असंच सांगेन. फक्त रक्कम एकरकमी, बँकेतून घ्या, आणि करार रद्द झाल्याच्या कागदावर सही पैसे खात्यात जमा झाल्यावरच करा.