खांद्यावरचे उंचवटे आणि कपाटातला दमटपणा : सूट-ब्लेझरसाठी हँगर व कव्हर कसे निवडावे?

प्रश्न : माझे सूट आणि ब्लेझर कपाटात टांगलेले असतात. काही महिन्यांनी काढले की खांद्यावर टोके उठलेली दिसतात आणि दमट दिवसांत कुबट वासही येतो. कोणते हँगर आणि कोणती कव्हरे घ्यावीत?

उत्तर : या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, परंतु लोकरी कपड्याच्या बाबतीत त्या एकाच कारणातून निर्माण होतात. लोकरीचा तंतू हवेतील बाष्प आत शोषून घेतो, त्यामुळे तो नरम होतो, आणि त्या अवस्थेत त्याच्यावर जो दाब असेल त्याच आकारात, बाष्प निघून गेल्यावर, तो स्थिरावतो. इस्त्री करताना आपण हेच मुद्दाम करतो : ओलावा देतो, दाब देतो, वाळवतो आणि घडी बसते. दमट कपाटात हँगरचे टोकही खांद्यावर असेच काम करीत असते, फक्त अतिशय सावकाश. म्हणून कोरड्या हवेत वर्षभर निमूटपणे टांगलेला ब्लेझर दमट दिवसांत महिन्याभरातच बिघडलेला आढळतो.

नवे हँगर घेण्याआधी उंचवटा नेमका कोठे आला आहे हे पाहावे, कारण तेवढ्यावरून दोष ओळखता येतो. खांद्याला बाही जोडणारी शिवण शोधा. उंचवटा त्या शिवणीच्या अलीकडे, म्हणजे कॉलरच्या बाजूला असेल, तर हँगर आखूड किंवा फार बारीक आहे. तो शिवणीच्या पलीकडे, बाहीच्या माथ्यावर असेल, तर हँगर गरजेपेक्षा लांब आहे आणि त्याची टोके बाहीत घुसत आहेत. आणि उंचवट्याऐवजी खांद्याच्या पूर्ण लांबीवर एक बारीक रेघ उमटली असेल, तर हँगरची लांबी बरोबर असली तरी त्याची वरची कड अरुंद आहे.

माझ्याकडून झालेली चूक दुसऱ्या प्रकारची होती. माझा एक गडद निळा लोकरी ब्लेझर सुरुवातीला ड्रायक्लीनकडून आलेल्या तारेच्या हँगरवरच राहिला होता आणि त्याच्या खांद्यावर, शिवणीच्या आत, दोन टोके आली. मी लगेच रुंद खांद्याचा, जाड लाकडी हँगर आणला आणि प्रश्न मिटला असे समजून चाललो. पुढच्या दमट ऋतूनंतर पाहतो तर जुनी टोके गेली होती, पण बाहीच्या माथ्यावर नवी दोन आली होती. तेव्हा कुठे मी टेप हातात घेतला. ब्लेझरचा खांदा, पाठीमागून कॉलरच्या खाली एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, ४३ सेंटिमीटर भरला आणि हँगर टोकापासून टोकापर्यंत ४५ सेंटिमीटर निघाला. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर लाकूड बाहीत शिरलेले होते. बाहीच्या माथ्यावर खांद्याच्या पॅडचा आधार संपत आलेला असतो, त्यामुळे तेथे एवढासा दाबही लगेच उमटतो. ४१ सेंटिमीटरच्या हँगरवर तोच ब्लेझर आता व्यवस्थित राहतो.

यावरून मी जो नियम पाळतो तो असा : कपड्याच्या खांद्याच्या मापातून साधारण दोन सेंटिमीटर वजा करावेत आणि तेवढ्या लांबीचा हँगर घ्यावा, म्हणजे प्रत्येक टोक शिवणीच्या सुमारे एक सेंटिमीटर आत थांबते. वळणदार हँगर मोजताना टेप त्याच्या वळणावरून फिरवू नये, तर दोन टोकांमधले सरळ अंतर घ्यावे. घरातल्या सर्वांसाठी एकाच मापाचा संच घेण्याचा मोह होतो, पण खांद्याची मापे माणसागणिक बदलतात. एकाच माणसाच्या कपड्यांतही सैल ओव्हरकोट आणि अंगाबरोबर बेतलेला ब्लेझर यांच्यात दोन-तीन सेंटिमीटरांचा फरक सहज असतो.

लांबीनंतर जाडी पाहावी. तारेची जाडी दोन-तीन मिलिमीटर असते आणि कपड्याचे सगळे वजन तेवढ्या धारेवर येते. टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या हँगरवर तेच वजन चार-पाच सेंटिमीटर रुंदीवर पसरते, म्हणून कापडाला खूण पडत नाही. ब्लेझरसाठी टोकाशी चार सेंटिमीटर रुंदी पुरेशी होते, जड ओव्हरकोटासाठी पाच-सहा असलेली बरी. मखमली लेप दिलेले पातळ हँगर सध्या पुष्कळ दिसतात. ते शर्टासाठी चांगले आहेत, कारण कपडा त्यांच्यावरून घसरत नाही, पण सुटासाठी ते तारेचेच सभ्य भावंड आहेत. वरून पाहिले असता हँगरची दोन्ही टोके किंचित पुढे वळलेली असावीत, कारण माणसाचे खांदेही तसेच असतात. सपाट हँगरवर कॉलर मानेपाशी नीट बसत नाही आणि पुढच्या बाजूला झोळ पडतो.

लाकूड की प्लॅस्टिक या प्रश्नाला मी फारसे महत्त्व देत नाही. योग्य आकाराचा, आतून पोकळ, जाड प्लॅस्टिकचा हँगर हा चुकीच्या मापाच्या लाकडी हँगरपेक्षा केव्हाही चांगला. देवदाराच्या हँगरला वास छान येतो, परंतु तो कपाटातील दमटपणा हटवील किंवा कसर निश्चितपणे रोखील अशी अपेक्षा ठेवू नये.

जोडीची पँट त्याच हँगरच्या आडव्या दांडीवर टाकण्याची पद्धत आहे. हँगर योग्य असेल तर त्याने बिघडत नाही, पण हँगर पातळ असेल तर पँटच्या वजनाने खांद्यावरचा दाब आणखी वाढतो. शक्य असल्यास पँट वेगळी टांगावी. खिशातील किल्ल्या, पाकीट, फोन मात्र न चुकता काढावेत, कारण एका खिशातील वजनाने एकच खांदा ओढला जातो आणि मग उंचवटा एकाच बाजूला का आला याचे कोडे पडते.

आता कव्हर. ड्रायक्लीनमधून येणारी पातळ प्लॅस्टिकची पिशवी केवळ घरी येईपर्यंतच्या धुळीसाठी असते, त्यामुळे ती घरी येताच काढून टाकावी. लोकर किती पाणी बाळगते याचा अंदाज आला म्हणजे यामागचे कारण कळते. ब्लेझरमध्ये अर्धा किलो कोरडी लोकर आहे असे धरू. मध्यम दमट हवेत ती आपल्या वजनाच्या साधारण १५ टक्के पाणी धरून असते, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम. हवा अगदी ओलसर झाली की हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचू शकते, म्हणजे १५० ग्रॅम, आणि तरीही हाताला कापड ओले लागत नाही. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेल्या कपड्यातले हे पाणी बाहेर पडू शकत नाही. रात्री कपाटाची भिंत गार झाली की आतील बाष्प प्लॅस्टिकवर जमते आणि ज्या ठिकाणी प्लॅस्टिक कापडाला चिकटलेले असते तेथे प्रथम वास आणि पुढे बुरशीचे ठिपके येतात.

याच हिशेबाने कव्हरच्या खिशात टाकायच्या सिलिका जेलच्या पुड्यांकडेही पाहावे. पाच ग्रॅमची पुडी फार तर दोन ग्रॅम पाणी शोषते. समोर पंचाहत्तर ग्रॅम पाणी बाळगणारा कपडा असताना, आणि कव्हरमधून नवी हवा सतत येत असताना, ती पुडी काहीही करू शकत नाही. ती घट्ट बंद डब्यात उपयोगी पडते, हवा खेळणाऱ्या कव्हरमध्ये नाही.

हवा खेळणारी कव्हरे मुख्यत्वे दोन प्रकारची मिळतात. एक सुती, म्हणजे मलमल किंवा मांजरपाटाचे, आणि दुसरे नॉन-वोव्हन म्हणून विकले जाणारे, जे दिसायला कागदी फडक्यासारखे असते. दीर्घकाळासाठी मी सुती कव्हर निवडतो, कारण ते धुता येते. कोरे मांजरपाट मात्र वापरण्यापूर्वी एकदा धुऊन त्याची खळ काढावी, कारण खळीवर किडे येतात. नॉन-वोव्हन स्वस्त आणि हलके असते व धूळ चांगली अडवते, पण उजेडात राहिल्यास काही वर्षांत ते ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडू लागतो. पुष्कळ कव्हरांना समोर पारदर्शक पट्टी असते. ती हाताएवढी असेल तर चालते, पण पुढची संपूर्ण बाजू पारदर्शक असेल तर ते प्लॅस्टिकचेच कव्हर समजावे.

वेष्टनावर काहीही छापलेले असले तरी कव्हर स्वतः तपासता येते. कापडाचा एकच थर ओठांवर धरून फुंकावे. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली पाहिजे. दुसरी परीक्षा अशी की गरम पाण्याच्या पेल्यावर कव्हरचा एक थर ताणून धरावा आणि त्यावर दोन बोटांच्या अंतरावर थंड स्टीलची ताटली धरावी. थोड्या वेळात ताटलीच्या खालच्या बाजूला दव जमले तर बाष्प आरपार जाते आहे. वरून पाण्याचा थेंब टाकून पाहणे मात्र फसवे आहे, कारण नॉन-वोव्हनवर थेंब तसाच उभा राहतो आणि तरीही त्यातून बाष्प जाते.

कव्हरच्या मापात लांबीपेक्षा खोली अधिक महत्त्वाची असते. बाजूंना पाच ते दहा सेंटिमीटरची पट्टी जोडलेली नसेल तर कव्हर खांद्यांना वरून आवळते आणि चांगल्या हँगरचा फायदा निघून जातो. एका कव्हरमध्ये एकच कपडा ठेवावा आणि दोन हँगरांमध्ये तीन-चार बोटांचे अंतर ठेवावे.

एक मर्यादा मात्र लक्षात असू द्यावी. जी हवा बाहेर जाते तीच आतही येते, म्हणून असे कव्हर दमट खोलीत कपडा कोरडा करीत नाही. ते फक्त हवा कोरडी झाल्यावर कपड्याला कोरडे होऊ देते. कपाटात आर्द्रतामापक ठेवून पाहावा. आकडा अनेक दिवस ६५-७० टक्क्यांच्या वर राहत असेल तर कव्हर बदलून उपयोग नाही. त्यासाठी कपाट बाहेरच्या गार भिंतीपासून हलवणे, दारे रोज काही वेळ उघडी ठेवणे किंवा आर्द्रता कमी करणारे यंत्र वापरणे हे उपाय करावे लागतील. अंगावरून उतरवलेला कपडा त्याच दिवशी कव्हरमध्ये घालू नये. तो एक रात्र उघड्यावर टांगावा.

विणलेले जड स्वेटर आणि मणी-टिकल्यांचे भरगच्च काम असलेले कपडे कोणत्याही हँगरवर टांगू नयेत. ते स्वतःच्या वजनाने लांबतात, म्हणून त्यांची सैल घडी घालून सपाट ठेवावे.

आधीच आलेले उंचवटे बहुधा जातात. खांद्याच्या आत टॉवेलची घट्ट गुंडाळी घालावी, इस्त्री किंवा स्टीमर कापडाला न टेकवता दोन-तीन सेंटिमीटर वरून पंधरा-वीस सेकंद वाफ द्यावी, तळहाताने उंचवटा हलकेच बसवावा आणि कापड पूर्ण गार व कोरडे होईपर्यंत गुंडाळी काढू नये. घाईने काढल्यास ओलसर कापड जुन्याच आकारात परत जाते. माझ्या निळ्या ब्लेझरला हे दोनदा करावे लागले. तिसऱ्या खेपेलाही टोक उरले तर बहुधा आतील पॅडच वाकलेले असते आणि ते शिंप्याकडून बदलून घ्यावे लागते.