वजाबाकीत अडलेल्या मुलाला किती मदत करायची?

बाई, तुमची तिसरीतली मुलगी 52 − 27 चं उत्तर 35 लिहिते, कारण ती सातातून दोन वजा करते. 48 − 23 मात्र एकटीने बिनचूक सोडवते. एकटीला जमतं आणि मदतीने जमतं, यांमधल्या जागेला मानसशास्त्रज्ञ विगोत्स्कीने समीप विकासाचं क्षेत्र म्हटलं. हातच्याची वजाबाकी सध्या तिच्या त्या जागेत आहे.

माडाच्या हिरांच्या काड्या घ्या. दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या. "सात सुट्या काढ," म्हणा आणि थांबा. अडली तर एवढंच विचारा, "आणखी सुट्या कुठून मिळतील?" तरीही सुचलं नाही तर जुडीकडे बोट दाखवा, पण रबर तिलाच काढू द्या. मी पूर्वी घाईने स्वतः जुडी सोडायचे. मुलं नुसती बघत राहायची. जुडी सुटली की चार जुड्या, बारा सुट्या. त्यांतून सात सुट्या आणि दोन जुड्या काढल्या की उरतात 25.

मग आधार काढत न्या: पुढच्या वेळी काड्यांचं चित्र, नंतर नुसते आकडे. घराची परांची उतरवतात तशी. काड्यांशिवाय 63 − 28 देऊन बघा. 45 आलं तर चित्रावर परत या. 402 − 178 आज नको. तिथे दशकच शून्य आहे.