टेस्टोस्टेरॉन वाढलं, टायमिंग तिथंच

"सर, व्हिडिओत बघून अश्वगंधा, शिलाजीत आन् सफेद मुसळीचा दोन महिन्याचा कोर्स केला. टेस्टोस्टेरॉन २६८ होतं, ते ४३१ झालं. रिपोर्ट आहे माझ्याजवळ. तरी स्टॅमिना काही येत नाही. डोस डबल करू का आता? का हे सारं फसवणंच आहे?"

विचारणारा २९ वर्षांचा, लग्नाला दीड वर्ष झालेलं. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला आणि राहायला चोपड्याकडच्या एका गावात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, बाकी हकिकत जशी घडली तशी.

त्याला मी आधी विचारलं, स्टॅमिना म्हणजे नेमकं काय रे भाऊ? या एका शब्दाखाली आमच्याकडे चार वेगळ्या तक्रारी येतात. कुणाला इच्छाच होत नाही, कुणाला ताठरता येत नाही किंवा टिकत नाही, कुणाचं वीर्य लवकर पडतं, तर कुणी दिवसभराच्या थकव्यालाच स्टॅमिना कमी म्हणतो. खाली बघत तो म्हणाला, "टायमिंग." म्हणजे शीघ्रपतन. इच्छा होती, ताठरता होती, सकाळी उठतानाही ती असायची. मिनिटभरात संपतं, एवढीच तक्रार. आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी पडलं तर पहिल्यांदा इच्छा आणि पहाटेची ताठरता उणावते. टायमिंगचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. तेव्हा दोन महिने हा गडी ज्या आकड्यामागे धावत होता, तो त्याच्या तक्रारीचा आकडाच नव्हता.

तरी रिपोर्ट बघितले, कारण २६८ आणि ४३१ हे अंतर छोटं नाही. दोन्ही कागदांवर रक्त घेतल्याची वेळ छापलेली होती. पहिलं रक्त दुपारी चारला घेतलेलं, तेही थर्ड शिफ्टच्या आठवड्यात. तो सकाळी घरी आला होता, घरात पाहुणे होते आणि झोप जेमतेम तीन तास झाली होती. दुसरं रक्त सकाळी साडेआठला, उपाशीपोटी, जनरल शिफ्ट चालू असताना आणि रात्रभर झोप झाल्यावर घेतलेलं.

तरुण माणसाचं टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं, सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दुपारपर्यंत चांगलंच उतरतं. म्हणूनच ही तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करायची असते. दोन्ही वेळा साधारण ३०० च्या खाली आलं आणि सोबत लक्षणंही असली, तरच डॉक्टर पुढचा विचार करतात. झोपेचा फरक किती पडतो, याचा एक अभ्यास अमेरिकेत २०११ मध्ये झाला. धडधाकट तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. अभ्यास छोटा, दहाच तरुणांचा. पण तो इथं सांगायला कारण आहे: अश्वगंधेच्या नावावर जी वाढ सांगतात, ती साधारण एवढीच असते.

मग अश्वगंधा खोटी का? नाही. या तिघांत सर्वांत जास्त अभ्यास तिच्यावरच झाले आहेत. २०१५ च्या एका भारतीय अभ्यासात व्यायामाची फारशी सवय नसलेल्या ५७ पुरुषांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली. निम्म्यांना रोज ३०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क दोनदा दिला आणि निम्म्यांना तशीच दिसणारी डमी गोळी. अर्कवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन सरासरी ९६ ने वाढलं, डमीवाल्यांचं १८ ने. बेंच प्रेसमध्ये अर्कवाले ४६ किलोने पुढे गेले. जाहिरातीत एवढंच येतं. डमीवालेही २६ किलोने पुढे गेले होते, हे येत नाही. म्हणजे कमाईतला निम्म्याहून मोठा वाटा व्यायामाचाच होता. माझा हा गडी तर कोर्सच्या दोन महिन्यांत जिममध्ये पायसुद्धा ठेवला नव्हता.

मला स्वतःला २०१९ चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास जास्त बोलका वाटतो. त्यात चाळिशी ते सत्तरीचे, वजन जास्त असलेले आणि थकल्यासारखं वाटणारे पुरुष घेतले होते. प्रत्येकाला आठ आठवडे अश्वगंधेचा अर्क आणि आठ आठवडे डमी गोळी, अशी अदलाबदल केली. अर्काच्या काळात टेस्टोस्टेरॉन डमीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त भरलं. पण थकवा, उत्साह आणि लैंगिक समाधान यांत डमीपेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही. आकडा हलला, माणूस जिथल्या तिथं. ज्याचं टेस्टोस्टेरॉन मुळात ठीक आहे, त्याचं थोडं आणखी वाढल्याने बिछान्यात काही बदलेल, ही अपेक्षा या अभ्यासाने तरी पुरी झाली नाही.

आणि थेट लैंगिक तक्रारीसाठी? जामनगरच्या आयुर्वेद विद्यापीठातल्या वैद्यांनीच हे तपासून २०११ मध्ये छापलं. मानसिक कारणाने ताठरतेची अडचण असलेल्या पुरुषांना ६० दिवस अश्वगंधा किंवा डमी दिली. अश्वगंधा डमीपेक्षा सरस ठरली नाही. निकाल आपल्या औषधाच्या विरुद्ध गेला तरी त्यांनी तो छापला, याबद्दल मला त्या वैद्यांचा आदर वाटतो. डमी घेणाऱ्यांनाही बरं वाटलं होतं, हेही त्यात नोंदलेलं आहे. "माझ्या मित्राला फरक पडला" असं कुणी सांगितलं की मला हीच ओळ आठवते.

शिलाजीताचं सांगायला कमी आहे. २०१६ च्या भारतीय अभ्यासात ४५ ते ५५ वयाच्या निरोगी पुरुषांना शुद्ध केलेलं शिलाजीत २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ९० दिवस दिलं आणि टेस्टोस्टेरॉन डमीपेक्षा वाढलेलं दिसलं. मोजले होते ते हार्मोन. टायमिंगबद्दल त्यातून काहीच कळत नाही, आणि वय बघा, आमचा गडी तिशीतलाही नाही. त्यातही ते शिलाजीत शुद्ध केलेलं होतं. हायवेवरच्या तंबूत डबीतून काढून देतात त्या काळ्या गोळ्यात काय असतं, कोण सांगणार? कच्च्या शिलाजीतात शिसं, आर्सेनिक असे जड धातू असू शकतात.

मुसळीचं नाव घेतलं की तो जरा खुलला. "सातपुड्यातली आहे सर, आपल्या डोंगरातली," म्हणाला. खरंच आहे, पावसाळ्यात ती तिथं उगवते. पण सफेद मुसळीवरचे बहुतेक अभ्यास उंदरांवर झाले आहेत. औषध दिल्यावर नर उंदीर मादीकडे किती वेळा गेला, हे त्यात मोजलं. माणसांवरचे अभ्यास मोजके आणि लहान आहेत. तिघांत पुरावा तिचाच सर्वांत कमी.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अश्वगंधा-शिलाजीतावरचे बरेच अभ्यास अर्क बनवणाऱ्या कंपन्यांच्या मदतीने झालेले आहेत. त्यामुळे ते खोटे ठरत नाहीत. पण कंपनीचा संबंध नसलेल्या कुणी तेच पुन्हा करून बघेपर्यंत मी हात राखूनच बोलतो.

आता डोस डबल करण्याचा प्रश्न. मी त्याला अख्खा कोर्स टेबलावर मांडायला लावला. तीन डब्या होत्या आणि एक लहान पाकीट, त्यावर फक्त "खास रात्रीसाठी" लिहिलेलं. घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही. तो म्हणाला, "हीच खरी पॉवरफुल आहे सर. तासाभरात कळतं." पुढे विचारलं तर चेहरा गरम होणं, नाक चोंदणं, डोकं दुखणं, सगळं निघालं. जडीबुटी तासाभरात असा परिणाम दाखवत नाही. ही सगळी लक्षणं सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्रातल्या औषधाची आहेत. 'नैसर्गिक' म्हणून विकलेल्या लैंगिक शक्तीच्या गोळ्यांत हे औषध लपवून घातलेलं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला शेकडो वेळा सापडलं आहे.

मग तो सहज बोलून गेला, "दादांनाही अशक्तपणा आहे, त्यांना यातल्या चार देणार होतो." दादा म्हणजे त्याचे वडील. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आणि छातीत दुखलं तर घ्यायची सॉर्बिट्रेटची गोळी खिशात कायम. सिल्डेनाफिल आणि सॉर्बिट्रेट एकत्र गेल्या तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की माणूस हाती लागत नाही. ते पाकीट मी त्याला परत घरी नेऊ दिलं नाही.

अश्वगंधेचा डोस वाढवायलाही मी नको म्हटलं. काही लोकांत तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, भारतातल्याही. बहुतेकांना सुरू केल्यापासून दोन ते बारा आठवड्यांत अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली. असं झालं तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवायचं आणि काय घेत होतो हे लपवायचं नाही. ती थायरॉइड हार्मोनचं प्रमाणही वाढवू शकते, म्हणून थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सगळा कोर्स बंद करून महिन्याहून जास्त दिवस जाऊ दिले. मग जनरल शिफ्टच्या आठवड्यात दोन सकाळी रक्त तपासलं. ४१८ आणि ४५५. एका माणसाच्या दोन आकड्यांवरून औषधाचा न्याय करता येत नाही. पण त्या १६३ च्या वाढीतलं बहुतेक सगळं घड्याळाचं आणि झोपेचं होतं, हे त्याला कागदावरच दिसलं.

टायमिंगवर काम त्यानंतर सुरू झालं. संभोग किती वेळ चालतो हे पाच देशांतल्या ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून मोजलं, तेव्हा मधला आकडा ५.४ मिनिटं आला. तो ऐकून तो म्हणाला, "व्हिडिओत तर अर्धा तास सांगतात." पण त्याचं मिनिटभर हेही खरंच कमी होतं, त्यामुळे तक्रार मनाची म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती. त्याला थांबून-पुन्हा-सुरू करण्याचा सराव दिला. वेग अनावर होण्याच्या आधी थांबायचं, अर्धा-एक मिनिट जाऊ द्यायचं, परत सुरू करायचं, असं तीनदा आणि मग सोडायचं. आधी एकट्याने, नंतर बायकोसोबत. आमच्या ओळखीच्या फिजिशियनांनी तपासून गरजेपुरती, वीर्य पडणं लांबवणारी डॅपॉक्सेटिनची गोळी दिली, चिठ्ठीवर, रक्तदाब बघून. थर्ड शिफ्टवरून आल्यावर लगेच प्रयत्न करायचा नाही, हेही ठरलं.

तिसऱ्या भेटीला बायकोही आली. तिचं म्हणणं निराळंच होतं. मिनिटांबद्दल तिची तक्रार नव्हती. झाल्यावर हा कूस बदलून मोबाइल घेतो आणि दोन दिवस बोलत नाही, याचा तिला राग होता. तो का बोलत नाही हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तिला काय खुपतं हे त्याला. गोळी महिनाभरात कमी होत गेली, सराव चालू राहिला. आता तीन-चार मिनिटं होतात म्हणतो, कधी जास्त, थर्ड शिफ्टच्या आठवड्यात अजूनही कमी.